शाळेत नवीन बाई रुजू झाल्या आणि ‘जरा बघा त्यांच्याकडे’ असं तुम्हाला सांगितलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवगड तालुक्यात किनाऱ्याजवळच्या एका वाडीत आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. पहिली ते सातवी, चार शिक्षक. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये नांदेडकडच्या एक शिक्षणसेविका आमच्याकडे रुजू झाल्या. पहिली-दुसरीचा जोडवर्ग त्यांना मिळाला आणि आमच्या मुख्याध्यापक सरांनी मला सांगितलं, “तुम्ही जरा बघा त्यांच्याकडे.” माझी तेव्हा एकोणीस वर्षं नोकरी झाली होती, पण मोठ्या माणसाला हाताशी धरून शिकवण्याची ही पहिलीच वेळ. आता केंद्राच्या शिक्षण परिषदेत कुणावर ही जबाबदारी आली की ते मला गाठतात आणि बहुतेक तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत. त्या बाईंना विचारूनच त्यांची हकिकत घेतली आहे. नाव मात्र घेत नाही.

‘जरा बघा’ म्हणजे नेमकं काय करायचं?

हे आधी सरांनाच विचारून घ्या. मी नाही विचारलं, त्यामुळे पहिला आठवडाभर मी कधी पर्यवेक्षक झाले, कधी मोठी बहीण, तर कधी त्यांची कारकून. शेवटी मी आणि सरांनी बसून ठरवलं की मंगळवारी आणि शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी त्यांच्यासोबत अर्धा तास बसेन. वर्गातल्या अडचणींवर बोलणं एवढंच माझं काम. त्यांच्या कामाबद्दल मत द्यायचं असेल तर ते सर देतील, माझ्याकडून घेणार नाहीत.

शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे. आपण बोललेलं अहवालात जाणार अशी शंका आली की नवीन माणूस फक्त बरं तेवढंच सांगतो. तुम्ही द्विशिक्षकी शाळेत असाल आणि मुख्याध्यापकाचा कार्यभारही तुमच्याकडेच असेल, तर ही अट तुम्हाला पाळता येणार नाही. तसं पहिल्याच दिवशी उघड सांगा आणि मनमोकळं बोलायला शेजारच्या शाळेतली एखादी अनुभवी बाई सुचवा.

पहिल्या भेटीत काय बोलावं?

शाळेचे नियम सांगत बसू नका, ते चार दिवसांत कळतात. खोली मिळाली का, पाणी किती वाजता येतं, जेवणाचं काय, असं विचारा. आमच्या बाईंना 16,000 रुपये मानधनात खोलीभाडं द्यायचं होतं, घरी पैसे पाठवायचे होते, आणि एसटी बदलत बदलत गावी पोचायला एक रात्र आणि वर अर्धा दिवस लागायचा. हे ठाऊक नसतं तर सोमवारी सकाळी त्या पेंगुळलेल्या का दिसतात, याचा मी भलताच अर्थ लावला असता.

मग वेळेचं आणि गुप्ततेचं ठरवून घ्या, त्याबद्दल पुढे लिहिलंय. आणखी एक गोष्ट लहान दिसते, पण ठरवून टाका: मुलांसमोर आणि पालकांसमोर त्यांना ‘बाई’ आणि ‘तुम्ही’च म्हणायचं. एकांतात त्या मला ताई म्हणायच्या आणि मी त्यांना ‘तू’ म्हणायचे, तेही त्यांनीच सांगितल्यावर. मुलांसमोर मोठ्या बाई नव्या बाईंना ‘अगं’ म्हणाल्या की मुलांच्या मनात नव्या बाई धाकट्या होतात, आणि नंतर त्यांनी कितीही आवाज चढवला तरी ते भरून येत नाही.

तिने अडचण सांगितली की मला लगेच उपाय सुचतो. तो सांगितला तर काय बिघडलं?

माझं काय बिघडलं ते सांगते. दुसऱ्याच आठवड्यात ती म्हणाली, “ताई, मुलं मला मान देत नाहीत. वर्ग आवरत नाही.” मी एका दमात तिला बसण्याची रचना बदलायला, दारातच गाणं घ्यायला, दंगेखोर मुलाला मॉनिटर करायला सांगितलं. सगळे उपाय माझे वापरलेले आणि माझ्याकडे लागू पडलेले. ती “हो ताई, हो ताई” म्हणत वहीत लिहीत होती. पुढच्या मंगळवारी ती आली नाही, शुक्रवारीही नाही. वर्ग तसाच होता.

तिसऱ्या आठवड्यात मीच तिच्या वर्गात गेले आणि म्हटलं, “मागच्या वेळी मीच जास्त बोलले. मान देत नाहीत म्हणजे काय होतं, ते मला सांग.” ती जरा वेळ गप्प राहिली, मीही. मग म्हणाली, “मुलं मला अरेतुरे करतात.” मला कळेना. “म्हणजे?” तर म्हणाली, “काल एक पोरगी विचारत होती, बाईनु, तू खंय रवतंस? आणि एक पोरगा रोज विचारतो, तू जेवलंस?”

मालवणी घरात वाढलेलं मूल आईला ‘तू’ म्हणतं, आजीला ‘तू’ म्हणतं आणि आवडत्या बाईंनाही ‘तू’च म्हणतं. त्यात अपमान नसतो, उलट आपलेपणा असतो. हे माझ्या इतकं अंगवळणी पडलेलं की त्यात अडण्यासारखं काही असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. तिच्या गावी सहा वर्षांचं पोर बाईंना ‘तू’ म्हणालं तर बाप कान पिळेल. ती दोन आठवडे रोज दुखावली जात होती, त्यावर रागावत होती, आणि मुलं रागावणाऱ्या बाईंपुढे गप्प तरी बसत होती नाहीतर दंगा तरी करत होती.

आता माझे उपाय पाहा. बसण्याची रचना बदलून यातलं काय सुटणार होतं? मी उत्तरं दिली ती मला एकोणीस वर्षांपूर्वी पडलेल्या प्रश्नांची. तिचा प्रश्न मी ऐकलाच नव्हता. ज्येष्ठ माणसाला झटकन सुचणारा उपाय बहुतेकदा स्वतःच्या आठवणीतून आलेला असतो. म्हणून तो चुकीचा नसला तरी भलत्या जागी लागतो.

मग ऐकायचं म्हणजे नुसतं गप्प बसायचं का?

नाही. गप्प बसून मनात उपाय जुळवत राहिलात तर समोरच्याला ते चेहऱ्यावर दिसतं. मी तीन गोष्टी करायला शिकले.

पहिली, बोलणं सुरू होतानाच विचारते, “आज नुसतं ऐकू, काही सुचवू, की माझ्याकडून काही करून हवंय?” सुरुवातीला तिला हे विचित्र वाटलं. पुढे ती स्वतःच दारातून यायची आणि म्हणायची, “ताई, आज नुसतं ऐका.”

दुसरी, तिने वापरलेला शब्द तसाच उचलून परत विचारते. ती म्हणाली ‘मान’, तर मी ‘शिस्त’ म्हणायचं नाही. “मान देत नाहीत असं कधी वाटलं?” एवढंच विचारायचं. शब्द बदलला की विषय आपल्या अंगणात ओढला जातो. ‘का’ने सुरू होणारा प्रश्नही मी टाळते. “असं का केलंस?” हे कितीही गोड आवाजात विचारलं तरी झडतीसारखं वाटतं. “तेव्हा काय झालं?” विचारलं की हकिकत येते, आणि कारण हकिकतीतच दडलेलं असतं.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. तिचं वाक्य संपलं की मनात सावकाश पाचापर्यंत मोजायचं. अनेकदा चारवर ती पुन्हा बोलू लागायची, आणि खरी गोष्ट तेव्हा यायची. ‘अरेतुरे’चं तसंच आलं.

तिच्या वर्गात बसून पाहावं का?

पाहावं, पण आधी विचारून, आणि काय पाहायचं ते तिलाच ठरवू द्यावं. ‘तू’चा उलगडा झाल्यावर तिची चिडचिड पुष्कळ कमी झाली, पण मुलं अजून उत्तरं देत नव्हती. ती म्हणाली, “मी विचारते तेव्हा काय होतं तेवढंच पाहा.”

मी मागच्या भिंतीशी बसले. वहीचं पान मधोमध दुमडलं. डाव्या बाजूला ‘दिसलं’, उजव्या बाजूला ‘मला वाटलं’. वीस मिनिटांत तिने चौदा प्रश्न विचारले. त्यातल्या नऊ प्रश्नांची उत्तरं तिनेच दिली. प्रश्न विचारल्यापासून ती पुन्हा बोलेपर्यंत मध्ये जेमतेम एक सेकंद जायचा. हे सगळं डाव्या बाजूला. उजव्या बाजूला मी लिहिलं होतं, ‘घाई करते, घाबरलेली आहे.’ शाळा सुटल्यावर पान फाडून फक्त डावी बाजू तिला दिली. उजवी माझ्याजवळ ठेवली, कारण तो माझा अंदाज होता.

ती ते पान बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “मी त्यांना बोलूच देत नाही.” मी काही सांगायची गरजच उरली नाही. तेव्हा मात्र मी तिला एक माहिती दिली. अमेरिकेतल्या मेरी बड रो या अभ्यासिकेने 1970 च्या दशकात वर्गांतली संभाषणं मोजली होती. शिक्षक प्रश्नानंतर साधारण एकच सेकंद थांबतात, आणि थांबणं तीन सेकंदांपर्यंत नेलं की मुलांची उत्तरं लांबतात, गप्प बसणारीही बोलू लागतात, असं तिला आढळलं. म्हणजे ही खोड एकट्या आमच्या बाईंची नव्हती. आणि मी तिच्याशी बोलताना पाचापर्यंत मोजत होते, तो प्रकारही तोच होता.

पुढच्या आठवड्यात तिने स्वतःच्या मनाने एक काम केलं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तीन रकाने आखून भिंतीला लावले: मुलांचा शब्द, पुस्तकातला शब्द, बाईंच्या गावचा शब्द. पहिली ओळ होती ‘कित्याक, का, कामून’. मग ‘चेडू, मुलगी, पोरगी’. मुलं घरून शब्द आणू लागली. ‘कामून’ तर वाडीभर झालं. हे मला सात जन्मांत सुचलं नसतं, कारण मला नांदेडकडचे शब्द येतच नाहीत.

म्हणजे सल्ला कधीच द्यायचा नाही?

द्यायचा, आणि काही बाबतींत स्पष्ट सांगायचं. आमच्या कातळावर फुरसं असतं. चिऱ्याच्या फटीत, रचलेल्या लाकडांखाली आणि दारात काढलेल्या चपलांच्या आसपास. ते लहान, मातकट असतं, पटकन दिसत नाही आणि विषारी असतं. तिला ते माहीत नव्हतं. इथे ‘तुला काय वाटतं?’ विचारण्यात अर्थ नाही. चप्पल झटकूनच घालायची, मुलांना गडग्यात हात घालू द्यायचा नाही, चावलं तर बांधाबांध, चिराचिरी न करता 108 ला फोन लावून दवाखाना गाठायचा, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं. तसंच व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं. पावसाचा जोर असताना पलीकडच्या वाडीतल्या मुलांना कधी आणि कुणासोबत सोडायचं, हे आधीपासून ठरलेलं असतं, ते तिला सांगायचं.

मी हिशेब असा ठेवते: जीवाशी किंवा कायद्याशी गाठ असेल तर सांगायचं. शिकवण्याची पद्धत असेल तर विचारायचं. सुचवायचंच झालं तर एका वेळी एकच गोष्ट, आणि “माझ्या वर्गात हे चाललं होतं, तुझ्याकडे चालेल का पाहा” असं म्हणून.

रात्री दहाला मेसेज येतात. उत्तर द्यावं का?

पहिले दोन महिने मी देत होते. भाकऱ्या थापता थापता एका हाताने. एके रात्री फोनवर तिचं नाव दिसलं आणि माझ्या कपाळाला आठी पडली. त्या आठीने मला सांगितलं की मर्यादा घालायला उशीर झालाय. राग येईपर्यंत थांबलं की मर्यादा शिक्षेसारखी घातली जाते.

मी तिला समोरासमोर सांगितलं, “रात्री आठनंतर मी शाळेचे मेसेज बघणार नाही. सकाळी साडेनऊला शाळेत भेटूच. दवाखान्याचं किंवा जीवाचं काही असेल तर मेसेज नको, सरळ फोन कर, कितीही वाजलेले असोत.” आणि मग ते मी पाळलं. पाळणं आपल्याच हातात असतं. एकदा अकराला उत्तर दिलं की आठची वेळ संपली. पहिल्या आठवड्यात तिला ते लागलं असावं. पण पुढे मंगळवारी ती येताना प्रश्न लिहून आणू लागली, आणि त्यातले निम्मे तिने आधीच खोडलेले असायचे.

तिने पैसे उसने मागितले तर?

मी दिले नाहीत. खोलीच्या डिपॉझिटची अडचण होती, तेव्हा घरमालकिणीशी बोलून दोन हप्ते करून दिले. आपण सावकार झालो की तिला आपल्याला ‘नाही’ म्हणता येत नाही.

ऑनलाइन माहिती भरायला तिला जमत नाही. मी भरून देते. चालेल?

एकदा चालेल. दुसऱ्यांदा खुर्चीवर ती बसेल, तुम्ही शेजारी बसा आणि माऊस तिच्या हातात राहू द्या. पोषण आहाराची रोजची नोंद असो की यू-डायसची माहिती, माझ्या हाताने पाच मिनिटांत होणारं काम तिला चाळीस मिनिटं लागलं, त्यात रेंज दोनदा गेली. मी हात मांडीखाली दाबून बसले होते. चौथ्या दिवशी तिने एकटीने भरलं. तिचा पासवर्ड मात्र कधीही स्वतःकडे ठेवू नका, तिने आपणहून दिला तरी.

तिने विश्वासाने सांगितलेलं सरांनी विचारलं तर?

सर विचारतातच. चांगल्या मनाने विचारतात. “कशी आहे हो ती?” मी म्हणायचे, “सर, वर्गात जाऊन बसा एक तास, तिलाही आवडेल.” एवढ्यावर ते समजायचे.

पण सगळंच पोटात ठेवीन असं वचन देऊ नका. हे पहिल्या भेटीतच सांगावं लागतं, गोष्ट कानावर आल्यानंतर नाही. मी तिला सांगितलं होतं की मुलाच्या जीवाला किंवा अंगाला धोका असेल, तुझ्या स्वतःच्या जीवाला धोका असेल, किंवा हजेरीत-हिशेबात खोटी नोंद होत असेल, तर मी गप्प बसणार नाही, पण पुढे जाण्याआधी तुला सांगेन. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली, तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथे ‘मला विश्वासात घेऊन सांगितलं होतं’ ही सबब चालत नाही.

तिला स्वतःलाच कामाच्या ठिकाणी कुणाचा त्रास होत असेल, तर मध्यस्थी करून मिटवायला जाऊ नका. 2013 च्या कायद्याप्रमाणे समिती असते आणि साधारणपणे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करावी लागते. ती मुदत तिला सांगा, अर्ज लिहिताना हवं तर शेजारी बसा. तक्रार करायची की नाही, हे तिने ठरवायचं.

ती माझ्यासमोर रडली. काय करू?

पाणी द्या आणि बसून राहा. “रडू नको, आम्ही पण यातून गेलोय” हे वाक्य गिळा, कारण त्याने बोलणं तिच्यावरून तुमच्यावर येतं. आमच्या बाई गणपतीच्या सुट्टीआधी रडल्या. सगळी वाडी घरच्या तयारीत, चाकरमानी येऊ लागलेले, आणि त्या खोलीत एकट्या. मी फक्त विचारलं, “गौरीला माझ्याकडे जेवायला येशील?”

पण एक-दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, वर्गात लक्ष नाही, किंवा ‘जगून काय करायचं’ अशी भाषा आली, तर ते आपल्या आवाक्यातलं राहत नाही. 14416 हा सरकारच्या टेली-मानस सेवेचा फोन आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीतही बोलता येतं. तिच्या शेजारी बसून तिथेच लावून द्या. जगण्याबद्दलचं बोलणं असेल तर तिला एकटी सोडू नका आणि घरच्यांपैकी कुणाला कळवायचं ते तिला विचारून कळवा.

तिला इथे राहायचंच नाही, बदली हवी आहे. मग कशाला एवढा जीव लावायचा?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि मला त्याचा त्रास होतो. आज ती ज्या मुलांपुढे उभी आहे, त्यांची पहिली इयत्ता एकदाच येणार. बदलीवर माझं मत मी तिला दिलं नाही. तिच्या आईला गुडघ्यांमुळे चालवत नाही, हे मला माहीत होतं.

आपलं काही चुकतंय, हे कसं ओळखायचं?

ती फार लवकर ‘हो ताई’ म्हणू लागली, तर तिने ऐकणं सोडलंय. खडू कुठल्या रंगाचा आणू, हेही विचारू लागली, तर तुम्ही तिच्या मनातला निर्णय काढून घेतलाय. मी तेव्हा उत्तर द्यायचं थांबवलं आणि “तू काय ठरवलं होतंस?” एवढंच विचारू लागले. तिच्या तोंडी तुमची वाक्यं, तुमचे हातवारे येऊ लागले, तर खूश होऊ नका. आणि प्रत्येक भेटीनंतर दोन मिनिटं आठवून पाहा, कोण किती बोललं. मी वहीच्या कोपऱ्यात तिच्यासाठी एक आणि माझ्यासाठी एक रेघ ओढायचे, जिचं बोलणं जास्त तिची रेघ लांब. जुलैतली माझी रेघ पानाबाहेर जात होती.

हे कधी थांबवायचं?

आम्ही दिवाळीनंतर शुक्रवार सोडला आणि दुसऱ्या वर्षी जूनमध्ये मंगळवारही. थांबवताना तारीख ठरवून थांबवलं, नाहीतर एकेक भेट चुकत जाते आणि दोघींनाही वाटतं की समोरचीला कंटाळा आला. शेवटच्या मंगळवारी तिने मला विचारलं, “ताई, तुमच्या चौथीत तो मागे बसणारा मुलगा वाचत का नाही?” मी तोंड उघडलं, आणि ती माझ्याकडे पाहत गप्प बसली. मनात मोजत असावी. मी पुढची पंधरा मिनिटं त्या मुलाबद्दल बोलत होते.